विषय : चार्ज मिळणेबाबत

सुवर्णाताई हिवाळे यांचा मूळ अर्ज चार ओळींचा होता. वहीचा कागद, निळी शाई आणि खाली सही. 'सचिव साहेब, माझी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला खाली पार्किंगमध्ये एक सुरक्षित जागा करून द्यावी. वरून वायर सोडणे धोक्याचे आहे हे मला पटले आहे. बिल्डिंगमध्ये अशा आणखी दोन गाड्या आहेत, पूनमची आणि ज्ञानेश्वरभाऊंची. सगळ्यांना मिळून एकच जागा चालेल.'

त्यात समजण्यासारखे सगळे होते. तो अर्ज सोसायटीचा सचिव म्हणून मी तसाच घेतला असता तर पुढचे काही घडले नसते. पण मी खामगावच्या एका कॉलेजच्या कार्यालयात तेहेतीस वर्षे काढलेली आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होईन, आणि अर्जाला विषय नसला की मला जेवणात मीठ नसल्यासारखे वाटते.

मी म्हणालो, "ताई, असा अर्ज फाइलला लागत नाही. वर 'प्रति' पाहिजे, मग 'विषय', मग 'महोदय'."

"दादा, मले उपकेंद्रात रोज सतरा रजिस्टरं भरा लागतात," त्या म्हणाल्या. "इथंबी फॉर्म हाय का?"

"फॉर्म नाही, पद्धत आहे."

"मंग सांगा तुमीच. मी लिहिते."

त्यांनी जिन्यातच, कठड्यावर कागद ठेवून लिहिले. विषय मी सांगितला. सभेच्या नोटिशीत एका ओळीत बसावा म्हणून आटोपशीर केला : 'सोसायटीच्या आवारात चार्ज मिळणेबाबत.' खालच्या मजकुरात गाडी, वायर, सॉकेट, अर्थिंग, सगळे नीट आले होते. मी पोच दिली, आवक क्रमांक टाकला आणि समाधानाने घरी गेलो.

सुवर्णाताई आमच्या सुमंगल सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात त्या नर्स आहेत. यजमान संघपालराव संग्रामपूरला शिक्षक, ते शनिवारी येतात. मुलगी मनाली अकोल्याला शिकते. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस ताई एकट्या. पण एकट्या त्या फक्त कागदावर. बिल्डिंगमध्ये कोणाला ताप आला, कोणाचा पाय मुरगळला, तर डॉक्टरच्या आधी सिस्टरचे दार वाजते. अध्यक्षांच्या सौभाग्यवती रुखमाबाई यांचा रक्तदाब त्या दर रविवारी मोजतात आणि लोणचे बंद करायला सांगतात. रुखमाबाई त्यांना चहा देतात आणि लोणचे चालू ठेवतात.

उपकेंद्रावर पोचायला आधी एसटी, मग जीप, मग पाऊण तास पायी असा त्यांचा वीस वर्षांचा क्रम होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि हा क्रम मोडला. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाडीची बॅटरी पक्की बसवलेली, काढून घरात नेता येत नाही, आणि रोज संध्याकाळी चार तास चार्ज केल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची खात्री नाही. म्हणून त्या गॅलरीतून दोरीला बांधलेला एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडत. विहिरीत पोहरा सोडावा तसा तो बोर्ड रोज सातला खाली उतरे आणि अकराला वर चढे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पार्किंगमध्ये जळका वास आला. बोर्डाची पिन मऊ होऊन सॉकेटात चिकटली होती. ताईंनी वरचे बटण बंद केले आणि पुढे काही झाले नाही. पण आमचे अध्यक्ष हिंमतराव काळपांडे यांनी तिथेच, सर्वांच्या देखत सांगितले, "सिस्टर, उद्यापासून वायर दिसली तर कापून टाकीन. बिल्डिंग जाळता का?"

ते बोलणे कडक होते, पण चुकीचे नव्हते. ताईंनी त्याच रात्री बोर्ड गुंडाळून माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एसटी सुरू झाली. बस सुटली की जीप नाही, जीप नाही की पायी. लसीकरणाच्या दिवशी बाया तान्ही लेकरे घेऊन सकाळपासून बसलेल्या असत आणि सिस्टर साडेअकराला पोचत. दोनदा असे झाले. एक बाई लेकराला घेऊन तशीच परत गेली आणि ताईंना चार दिवसांनी तिच्या शेतात जाऊन तिला शोधावे लागले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले की तिसऱ्यांदा उशीर झाला तर लेखी खुलासा घ्यावा लागेल. खुलाशाचे ताईंना फारसे वाटले नव्हते. परत गेलेल्या लेकराचे वाटले होते. म्हणून तो अर्ज.

मी पुढच्या रविवारच्या व्यवस्थापन समितीच्या सभेची नोटीस काढली आणि फळ्याजवळ लावली. विषय क्रमांक दोन : 'सौ. सुवर्णा हिवाळे यांच्या, सोसायटीच्या आवारात चार्ज मिळणेबाबतच्या अर्जावर विचार करणे.' नोटिशीची एक प्रत नेहमीप्रमाणे हिंमतरावांच्या दाराखालून सरकवली.

आता हिंमतरावांविषयी थोडे सांगायला हवे. ते पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कोणताही कागद आला की विषय वाचायचा आणि शेरा मारायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. खालचा मजकूर वाचणे हे त्यांच्या मते लिपिकाचे काम. आमच्या सोसायटीचे ते अकरा वर्षे अध्यक्ष आहेत आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. आणि 'चार्ज' या शब्दाशी त्यांचे जुने वैर होते. नोकरीत असताना ते एकदा चार दिवस रजेवर गेले, तेव्हा एका सहकाऱ्याने त्यांच्या जागेचा चार्ज घेतला आणि तो अकरा महिने परत दिला नाही. ही हकीकत ते वर्षातून दोनदा सांगतात आणि दरवेळी सहकाऱ्याचा स्वभाव थोडा अधिक वाईट होतो.

हे सगळे मला ठाऊक होते. तरी विषय सांगताना एकदाही आठवले नाही.

सोमवारपासून बिल्डिंगमध्ये विचित्र गोष्टी घडू लागल्या. जिन्यातले चार बंद बल्ब एका दिवसात बदलले गेले. मंगळवारी वरची टाकी धुतली गेली, जी धुण्याचा ठराव दीड वर्षांपूर्वीचा होता. बुधवारी गेटला रंग लागला. गुरुवारी हिंमतराव स्वतः झाडू घेऊन पार्किंगमध्ये उभे होते. मी म्हणालो, "काय विशेष, साहेब?"

"विशेष काय? अध्यक्ष हाय ना मी अजून," ते म्हणाले, आणि 'अजून'वर जरा जोर दिला.

ताई मात्र खूश होत्या. "दादा, काकानं तर मनावरच घेतलं," त्या मला म्हणाल्या. "जागा झाडून ठेवली पहा. मानूस तोंडाचा कडक हाय, पन आतून मऊ."

"त्यांनी काही म्हटले का तुम्हाला?"

"नाही. मी काल नमस्कार केला, तं तोंड फिरवून घेतलं. कामात होते."

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. आम्ही पाच समिती सदस्य, आणि अर्जदार म्हणून ताई. हिंमतराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पहिला विषय मागच्या सभेचे इतिवृत्त, तो दोन मिनिटांत संपला. मी दुसरा विषय वाचला आणि अर्ज वाचायला घेणार तोच त्यांनी हात वर केला.

"अर्ज मागून वाचा, उत्तमराव. आधी मले सिस्टरले दोन गोष्टी विचारू द्या."

"विचारा ना, काका," ताई म्हणाल्या.

"हे तुमच्या डोक्यात कधीपासून हाय?"

"तुमी त्या दिवशी सगळ्यांसमोर मले बोलले ना, तवापासून. मंग ठरवलं, का आता लेखीच द्याचं."

"म्हंजे माह्या बोलण्याचा राग."

"राग कायचा? तुमचं बरोबरच होतं. म्हनून तर चार्ज मागून राह्यली."

हिंमतरावांनी समितीकडे पाहिले. समिती चहाकडे पाहत होती.

"नोकरी हाय, घर हाय. झेपंल तुमाले?"

"त्यात झेपायचं काय हाय? संध्याकाळी सातले घेतला, अकराले सोडला. चार तासाचं काम."

"चार तास," हिंमतराव सावकाश म्हणाले. "मले अकरा वर्षं झाले. अन् ह्या चार तासात करतात."

"कंपनीवाल्यानं शिकवून देल्लं मले सारं."

"बाहेरची मानसंबी हायेत का यात? बरं. एकट्याच हा, का अजून कोनी हाय मागं?"

"तिघं हाओ ना. मी, पूनम अन् ज्ञानेश्वरभाऊ. आज तिघं, दोन साल थांबा, अर्धी बिल्डिंग मागंल."

या ठिकाणी मी नोटिशीतला विषय पुन्हा वाचला. आवक नोंदवहीत चुकीची तारीख पडल्याचे ध्यानात आल्यावर वाचतो तसा. मी तोंड उघडले, पण हिंमतरावांचा हात अजून वरच होता.

"अन् तिघांचं भांडन?"

"काऊन होईल भांडन? मी संध्याकाळी घेईन, पूनम सकाळी, ज्ञानेश्वरभाऊ दुपारी. आळीपाळीनं."

"सिस्टर," हिंमतराव उठून उभे राहिले, "अध्यक्षाची खुर्ची हाय ते. सुलभ शौचालय नाही, का सकाळी एक अन् दुपारी एक."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती प्लास्टिकची खुर्चीही एकदा पाहून घेतली.

"खुर्ची? मले खुर्ची कायले पाहिजे, काका? मले सॉकेट पाहिजे."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत रुखमाबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना बहुधा आमच्या आधीच उमगले असावे, कारण हसू आवरताना त्यांच्या हातातले सूप वाकडे झाले आणि थोडी तूर खाली आमच्या इतिवृत्ताच्या वहीवर आली.

"अवो, गाडीचा चार्ज मागून राह्यली ते," त्या वरून म्हणाल्या. "तुमचा कोन घेते?"

मी उभा राहिलो आणि कबूल केले की विषय मी सांगितला होता. मग संपूर्ण अर्ज वाचून दाखवला. हसू थांबायला वेळ लागला. हिंमतराव हसले नाहीत. ते बसले, सदऱ्याची बाही नीट केली आणि म्हणाले, "असं होय. पन सॉकेट तं पंपाजवळ हाय ना एक. त्याच्यावर लावा. नवीन कायले पाहिजे? विषय संपला."

विषय संपला असता तर ताईंची गाडी त्याच दिवशी सुरू झाली असती, आणि समितीतले दोघे 'हो, हो' म्हणून उठूही लागले होते. पण ताई उठल्या नाहीत.

"काका, ते नाही चालनार. तुमी मले वायर काढाले लावली ते आग लागू नये म्हनून ना? मंग तेच काम मी पुन्हा तुमच्या पंपाजवळ काऊन करू? मी कडूबाभाऊले बोलावलं हाय. पाच मिनटं पाहू द्या त्याले."

कडूबा हा परवानाधारक वायरमन. तो गेटपाशी पिशवी घेऊन उभा होता. धाड गावाकडचा माणूस, बोलतो कमी. त्याच्याजवळ एक बल्ब होता, होल्डरला दोन वायरी जोडलेला. त्याने पंपाजवळच्या सॉकेटच्या दोन भोकांत वायरी घातल्या; बल्ब पेटला. मग एक वायर तशीच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब पेटला नाही.

"याच्यात अर्थिंग नाही," कडूबा म्हणाला.

"म्हंजे?" हिंमतरावांनी विचारले.

"म्हंजे गाडीत कुठं करंट लीक झाला तर त्याले जमिनीत जायले रस्ता नाही. मंग तो हात लावनाऱ्याच्या अंगातून जाते." त्याने सॉकेटचे झाकण काढले. आत प्लास्टिक काळे पडले होते. त्याने वायर बोटाने मागे मागे शोधली. "पंपाचीबी अर्थ वायर इथंच तुटेल हाय."

सगळ्यांनी हिंमतरावांकडे पाहिले. तो पंप रोज सकाळी सहाला कोण चालू करतो हे सगळ्यांना ठाऊक होते. अकरा वर्षांत हिंमतरावांनी ते काम कोणाला दिले नव्हते. पाणी सोडणे हा अध्यक्षाचा मान होता.

"मंग त्या पंपाले मी रोज हात लावून राह्यलो?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"लावून राह्यले," कडूबा म्हणाला. "रबरी चपला घालता का?"

"हाव."

"घालत जा."

गॅलरीतले तूर निवडणे थांबले होते. रुखमाबाई आत गेल्या आणि थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन खाली आल्या. तो त्यांनी नवऱ्याला न देता सुवर्णाताईंना दिला. ताईंनी अर्धा पिऊन हिंमतरावांपुढे धरला.

मग खरी सभा झाली. कडूबाने सांगितले ते मी मुद्द्यांनी लिहून घेतले. पंपाची अर्थिंग त्याच दिवशी दुरुस्त करायची, तोवर पंपाला कोणी हात लावायचा नाही. चार्जिंगसाठी सोसायटीच्या मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर आणायची, तिच्यावर भार वाढला की आपोआप बंद होणारा तिचा स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की क्षणात वीज तोडणारा आरसीसीबी. वेगळा अर्थिंगचा खड्डा. जड भाराची दोन सॉकेटे, झाकणाची, आणि एक छोटे मीटर, म्हणजे ज्याचे युनिट त्याचे त्याच्या नावावर. एक्स्टेन्शन बोर्ड कोणी लावायचा नाही. आणि काम झाल्यावर कंत्राटदाराचा तपासणी अहवाल. वीजबिलावरचा मंजूर भार पाहून कडूबाने सांगितले की दोन गाड्या एका वेळी चालतील. तिसरी आणि पंप एकदम नको, पुढे गाड्या वाढल्या तर वीज कंपनीकडे भार वाढवून मागावा लागेल.

"जागा कोन्ती?" हिंमतरावांनी विचारले. आवाज आता विस्तार अधिकाऱ्याचा होता, पण मऊ.

कडूबाने पार्किंगभर नजर फिरवली. जिन्याखाली नको, आग लागली तर लोक उतरतील कुठून. मीटरच्या बोर्डाजवळ नको. गेटजवळ पावसाचे पाणी येते. राहिली एकच भिंत : डोक्यावर छत, दोन्हीकडून हवा, जिन्यापासून लांब. त्या भिंतीला लागून हिंमतरावांची जीप उभी होती. नऊ वर्षे. तिचे चारही टायर बसले होते आणि बॉनेटखाली मांजर दरवर्षी बाळंत होत असे.

ती जागा पाहुण्यांच्या गाड्यांची आहे, अशी एक सूचना मी सहा वर्षांपूर्वी मांडली होती आणि ती इतिवृत्तात घेतली गेली नव्हती.

"जीप चालू हाय का, काका?" ताईंनी विचारले.

"चालू हाय," हिंमतराव म्हणाले. मग पंपाकडे पाहिले. "म्हंजे, बॅटरी उतरली हाय तिची."

"म्हंजे तिलेबी चार्ज पाहिजे."

तेव्हा हिंमतराव हसले. बराच वेळ हसले, सदऱ्याने डोळे पुसले, आणि ठराव पाचही मतांनी मंजूर झाला. खर्च समितीच्या अधिकारात बसत होता. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे ठरले.

जीप पुढच्या शनिवारी सहा जणांनी ढकलून बाहेर काढली. मांजर आधीच बाहेर येऊन बघत बसले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात काम पुरे झाले. कडूबाने आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो हे सगळ्यांना दाखवले आणि दर महिन्याला दाबायला सांगितले. शेजारी अग्निशामक सिलिंडर लागला.

पण पहिली गाडी लावण्याआधी हिंमतराव एक कागद घेऊन खाली आले. स्वच्छ टाइप केलेला. वर लिहिले होते 'चार्ज देणे-घेणे अहवाल'. खाली यादी : सॉकेटांच्या झाकणाच्या कुलपाची किल्ली एक, नोंदवही एक, सॉकेटे दोन, छोटे मीटर एक आणि त्याचे आजचे आकडे. तळाशी दोन सह्यांच्या जागा : चार्ज देणार, चार्ज घेणार.

"मी शिकलो हाय ते हेच," ते म्हणाले. "चार्ज द्याचा तं यादी करून द्याचा. मंग अकरा महिन्यांनी वापस मागता येते."

"मी अकराच्या ठोक्याले वापस देईन," ताई म्हणाल्या आणि सही केली.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या आठला गेटमधून बाहेर पडल्या आणि, त्यांनीच सांगितले त्याप्रमाणे, बायांच्या आधी पोचल्या. दार उघडून वीस मिनिटे एकट्याच बसून होत्या. इतक्या वर्षांत उपकेंद्रात रिकामे बसायची ती पहिली वेळ.

हिंमतराव निवडणुकीला पुन्हा उभे राहिले आणि बिनविरोध आले. आता ते रोज रात्री अकराला पार्किंगमध्ये फेरी मारतात आणि कोणाची गाडी लागलेली दिसली की खालूनच हाक देतात, "सिस्टर, चार्ज सोडा."

परवा ताईंचा दुसरा अर्ज आला. वहीचा कागद, निळी शाई. 'सचिव साहेब, चार्जिंगजवळचा बल्ब गेला आहे. अंधारात पिन दिसत नाही. बदलून द्यावा.' वर विषय नव्हता, प्रति नव्हती, महोदय नव्हते. मी पेन उघडले, बंद केले, आणि तो कागद तसाच हिंमतरावांच्या दाराखालून सरकवला.

तासाभरात परत आला. विषय नसल्यामुळे त्यांना तो पूर्ण वाचावा लागला होता. कोपऱ्यात शेरा होता : 'लावला. हिं. का.'